‘इन्शाल्ला’ म्हणजे हो की नाही? आखातात नव्याने जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मस्कतला इमारतींच्या देखभालीच्या कामात मी चौदा वर्षं काढली. गावाकडून नवा मुलगा आला की पहिल्या महिन्याभरात त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा: “दादा, हे सगळे इन्शाल्ला म्हणतात, पण काम होणार की नाही?” त्याला आणि त्याच्यासारख्या अनेकांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. शब्दाचा अर्थ नीट कळला की तो ऐकून होणारी निम्मी चिडचिड संपते, हा माझा अनुभव आहे.

शब्दशः अर्थ काय?

यात तीन शब्द आहेत: ‘इन्’ म्हणजे जर, ‘शाअ’ म्हणजे इच्छिलं आणि ‘अल्लाह’. सगळं मिळून ‘अल्लाहने इच्छिलं तर’.

‘शाअ’ हे क्रियापद भूतकाळी रूपात आहे आणि बोलणं मात्र उद्याचं आहे. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. “पाऊस पडला तर पेरणी करू” म्हणताना पाऊस अजून पडलेला नसतो, तरी आपण ‘पडला’च म्हणतो. अरबीत ‘इन्’नंतर क्रियापद पुष्कळदा असंच येतं. म्हणून ‘देवाची इच्छा असेल तर’ या सैल अनुवादापेक्षा ‘देवाने मनात आणलं तर’ हे मूळ वाक्याच्या जास्त जवळ जातं. देवाने ते मनात आणायचं आहे, मग गोष्ट घडेल, असा त्याचा रोख आहे.

लिहायचं कसं आणि बोलायचं कसं?

अरबी लिपीत तीन शब्द सुटे लिहितात: إن شاء الله. पहिले दोन जोडून إنشاء लिहिलं तर तो ‘इन्शा’ हा वेगळाच शब्द होतो. त्याचा अर्थ रचना किंवा निर्मिती, आणि शाळेतल्या निबंधालाही अरबीत हाच शब्द आहे. खुद्द अरबही मोबाइलवर घाईत ही चूक करतात आणि त्यांचे भाषाशिक्षक ती चिकाटीने दुरुस्त करत राहतात. बोलताना मात्र तिन्ही शब्द एका श्वासात येतात, ‘इन्शाल्ला’. दमास्कसकडच्या माणसाच्या तोंडी सुरुवातीचा ‘इ’ही गळतो आणि ‘न्शाल्ला’ ऐकू येतं.

प्रत्येक वाक्याला हे जोडायची सवय कुठून आली?

कुराणाच्या १८व्या सूरेतून, म्हणजे अल-कह्फ या अध्यायातून. तिथल्या २३ आणि २४ या आयतींचा आशय असा: कोणत्याही गोष्टीबद्दल ‘मी हे उद्या करणार आहे’ असं म्हणू नकोस, अल्लाहच्या इच्छेची जोड दिल्याशिवाय, आणि विसरलास तर आठवेल तेव्हा आपल्या प्रभूचं स्मरण कर.

भाष्यकार यामागची एक हकिकत सांगतात. मक्केच्या कुरैशांनी पैगंबरांना परीक्षा पाहणारे काही प्रश्न विचारले. “उद्या सांगतो,” असं ते म्हणाले, पण अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख राहून गेला. मग वही, म्हणजे देवाचा संदेश, बरेच दिवस आलाच नाही आणि लोक टोमणे मारू लागले. पंधरा दिवसांनी संदेश आला, तो या सूचनेसह. हकिकतीचे तपशील सगळे भाष्यकार सारखे देत नाहीत. पण ज्या समाजात ही गोष्ट लहानपणी ऐकवली जाते, तिथे नुसतं ‘उद्या येतो’ म्हणताना जीभ का अडखळते हे त्यावरून कळतं. उद्या आपल्या हातात असल्यासारखं बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं.

दुसरी गोष्ट ६८व्या सूरेतली. एका बागेच्या मालकांनी शपथ घेतली की सकाळी उजाडताच फळं तोडू, आणि शपथेत अल्लाहच्या इच्छेला जागा ठेवली नाही. रात्रीत बाग उजाड झाली. ही जागा ठेवण्याला धर्मशास्त्रात ‘इस्तिस्ना’ म्हणतात. त्याचा अर्थ अपवाद ठेवणं.

मग हे शब्द म्हटले की वचनातून सुटका होते का?

हा प्रश्न मनापासून विचारण्यासारखा आहे. याचं एकच उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शपथेपुरतं पाहिलं तर होय, सुटका होते. ‘अल्लाहची शपथ, मी हे करीन, इन्शाल्ला’ असं कोणी म्हटलं आणि पुढे ते झालं नाही, तर शपथ मोडली असं धरत नाहीत. तशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची परंपरेने आलेली नोंद, आहे. एरवी शपथ मोडली तर कुराणाच्या ५व्या सूरेनुसार प्रायश्चित्त आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे द्यायचे किंवा गुलाम मुक्त करायचा, आणि यातलं काही शक्य नसेल तर तीन दिवस रोजे.

पण रोजचा शब्द म्हणजे शपथ नव्हे. ‘तुझे पैसे गुरुवारी देतो, इन्शाल्ला’ म्हणणाऱ्याने पैसे देण्याचा मनात विचारच केला नसेल, तर त्याला इन्शाल्ला वाचवत नाही. वचन देऊन न पाळणं हे हदीसमध्ये ढोंगी माणसाचं लक्षण म्हणून सांगितलेलं आहे. अरबीत एक म्हणही आहे, ‘वअद अल-हुर्र दैन अलैह’: स्वाभिमानी माणसाचा शब्द म्हणजे त्याच्या डोक्यावरचं कर्ज. अल्लाहची इच्छा ही माझ्या ताब्याबाहेरच्या गोष्टींसाठी आहे. माझ्या आळसाचा भार तिच्यावर टाकू नये, असं मला एका वयस्क ओमानी सहकाऱ्याने फार कळकळीने सांगितलं होतं.

कुराणात या शब्दाचे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. इब्राहीम आपल्या मुलाला बळी देण्याच्या स्वप्नाबद्दल सांगतात तेव्हा मुलगा म्हणतो, “इन्शाल्ला, मी तुम्हाला धीर धरणारा दिसेन.” बहुतेक मुस्लिमांच्या मते हा मुलगा इस्माईल. तो शब्द पाळतो. १८व्या सूरेत मूसाही एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवासाला निघताना जवळजवळ याच शब्दांत वचन देतात: इन्शाल्ला, मी धीर धरीन, तुमची आज्ञा मोडणार नाही. नावेला भोक पाडलेलं पाहून त्यांचा धीर सुटतो, मुलाच्या हत्येच्या वेळी सुटतो, आणि भिंतीच्या वेळी तिसऱ्यांदा सुटल्यावर सोबत संपते. दोघांचे शब्द तेच आहेत आणि दोघेही मनापासून बोललेले आहेत. शब्द प्रामाणिकपणाची ग्वाही देऊ शकतो, निकालाची नाही, हे या दोन प्रसंगांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्याही व्याख्येतून कधी दिसलं नाही.

ठीक आहे, पण समोरचा ‘इन्शाल्ला’ म्हणतो तेव्हा हो समजायचं की नाही?

नुसत्या शब्दावरून काहीच समजू नका. त्याच्या अवतीभवती काय आहे ते ऐका.

पहिलं पाहायचं ते हे, की शब्द एकटा आला की तपशिलासोबत. “बाद अल-असर येतो, इन्शाल्ला” यात वेळ आहे. असरची नमाज मस्कतला उन्हाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमाराला होते, म्हणजे माणूस चारच्या आसपास येणार. याउलट “कधी याल?” या प्रश्नाला नुसतं “इन्शाल्ला” एवढंच उत्तर मिळालं तर काही ठरलेलं नाही. कदाचित त्याला जमणारच नाही आणि तोंडावर नाही म्हणून तुम्हाला दुखवायचं नाही.

दुसरं, सूर. पटकन आणि खालच्या आवाजात, वाक्याच्या शेवटी ओघात आलेला शब्द बहुतेकदा होकाराचा असतो. ‘इन्शाआऽऽल्ला’ असा लांबवलेला, नजर दुसरीकडे वळवून म्हटलेला, त्याच्याबरोबर हात किंचित वर गेलेला असेल तर आशा कमी ठेवावी. अरब घरांतली मुलं हे फार लवकर शिकतात. “बाबा, आज समुद्रावर जायचं?” याला वडिलांनी लांबट इन्शाल्ला म्हटलं की ती हिरमुसतात, कारण ते त्यांना ‘नाही’च ऐकू येतं.

तिसरं, पुढचा प्रश्न विचारल्यावर काय होतं ते. “अस्साआ कम?” म्हणजे किती वाजता, असं शांतपणे विचारा. ज्याला यायचं आहे तो वेळ सांगतो किंवा कोणाला पाठवणार ते नाव घेतो. ज्याला यायचं नाही तो पुन्हा तोच शब्द म्हणतो. माझ्या अनुभवात ही खूण सर्वांत भरवशाची ठरली.

एक चूक मात्र करू नका. “इन्शाल्ला नको, हो की नाही ते सांगा,” असं नवे लोक वैतागून बोलतात. श्रद्धाळू माणसाला त्याचा अर्थ ‘देवाला मधे आणू नका’ असा लागतो. एवढ्यावरून चांगली चाललेली बोलणी थंडावताना मी पाहिली आहेत.

प्रत्यक्षातलं एखादं उदाहरण?

सांगलीकडचा एक मुलगा बायको आणि तान्ह्या बाळासह नव्याने आला होता. जून महिना होता, पारा चाळिशीच्या वर होता आणि झोपायच्या खोलीतला एसी बंद पडला. बुधवारी संध्याकाळी त्याने घरमालकाला फोन केला. मालक म्हणाले, “बुकरा, इन्शाल्ला.” बुकरा म्हणजे उद्या. मुलाने ‘शुक्रन’ म्हणून फोन ठेवला आणि गुरुवारी कामावर रजा टाकून घरी वाट पाहत बसला. कोणी आलं नाही. गुरुवार हा तिथे आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस. २०१३पासून ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणजे आता काम थेट रविवारवर जाणार होतं. संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा रागाने लाल झाला होता. “दादा, तोंडावर खोटं बोलले,” म्हणाला.

त्याच्याकडून फोनवरचं बोलणं शब्दशः म्हणवून घेतलं. त्यात वेळ नव्हती, मिस्त्रीचं नाव नव्हतं, आणि घरात बाळ आहे हे यानेही सांगितलेलं नव्हतं. मालकांनी ‘उद्या बघू’ एवढ्याच अर्थाने शब्द वापरला होता आणि याने तो पावती मिळाल्यासारखा घेतला होता.

मग मी त्याच्याच फोनवरून बोललो. आधी सलाम केला, तब्येतीची, घरच्यांची विचारपूस केली. तिथे हे टाळून कामाचं बोलणं सुरू करणं उर्मटपणाचं समजतात. मग म्हटलं, “या अम्मी, घरात तान्हं बाळ आहे, रात्री झोपत नाही.” ‘अम्मी’ म्हणजे माझे काका. मालक लगेच म्हणाले, “ला इलाह इल्लल्लाह, आधी का नाही सांगितलं?” मी विचारलं, मिस्त्री कोण येईल? त्यांनी एका केरळी मिस्त्रीचं नाव घेतलं. किती वाजता? “आजच, बाद अल-मग्रिब, इन्शाल्ला.” मग्रिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, तेव्हा सातच्या सुमाराला. “अकीद?” मी विचारलं, म्हणजे नक्की? “अकीद, इन्शाल्ला.” मी त्यांच्याकडून मिस्त्रीचा नंबर मागून घेतला आणि त्यालाही फोन केला.

आठ वाजता मिस्त्री आला. कपॅसिटर गेला होता, तो बदलून एसी सुरू झाला. दोन्ही फोनमध्ये ‘इन्शाल्ला’ होतं. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर वेळ, नाव आणि कारण होतं. ‘अकीद’ला जोडून आलेलं इन्शाल्लासुद्धा होतंच, आणि ते ऐकून तो मुलगा पुन्हा धास्तावला होता. त्याला सांगावं लागलं की पक्क्या गोष्टीलाही हा शब्द जोडतात, किंबहुना पक्क्या गोष्टीला तर जोडायलाच हवा, कारण आयत सांगते ती ‘उद्या मी नक्की करणार’ या खात्रीबद्दलच.

साहेबांनी काम सांगितल्यावर अरब सहकारी नुसतं ‘इन्शाल्ला’ म्हणतो. हा नकार आहे का?

नाही. आखाती देशांत हुकमाला किंवा विनंतीला दिलेलं चटकन ‘इन्शाल्ला’ म्हणजे ‘हो जी, करतो’. इजिप्तचा माणूस तिथे ‘हादिर’ म्हणेल. वर सांगितलेली ‘एकट्या शब्दाची’ खूण इथे लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. ‘कधी’ला मिळालेलं एकटं इन्शाल्ला पोकळ असतं, ‘हे कर’ला मिळालेलं भरीव असतं.

सगळे अरब हा शब्द सारखाच वापरतात का?

नाही, आणि वचनाखेरीजही त्याचे उपयोग आहेत. सीरिया-लेबनॉनकडे तो प्रश्नात येतो: ‘न्शाल्ला मब्सूत?’ म्हणजे खुशाल आहेस ना? ‘बरी झोप लागली ना?’ असं विचारतानाही तो येतो, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीबद्दलची सदिच्छा म्हणून. तिथे ‘जर’चा अर्थ उरतच नाही, ‘अशी आशा आहे’ एवढाच राहतो.

इजिप्तमध्ये सौम्य नकारासाठी आणखी एक वाक्य आहे, ‘रब्बेना यिसह्हिल’, म्हणजे देव सोपं करो. इन्शाल्लाला निम्मी आशा ठेवत असाल तर याला पावही ठेवू नका. उलट ‘बि-इज़्निल्लाह’ (अल्लाहच्या परवानगीने) म्हणणारा माणूस सहसा जास्त ठाम असतो.

फोनवर बोलणं संपता संपता इन्शाल्ला फार ऐकू येतं. का?

कारण तो विषय मिटवायचा शब्दही आहे. रिबेका क्लिफ्ट आणि फादी हेलानी या अभ्यासकांनी २०१०मध्ये अरबी संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका विषयावरून दुसऱ्याकडे वळताना असे देवाचं नाव घेणारे शब्द कसे येतात, हे त्यांनी त्यात दाखवलं आहे. एकाने म्हटलं, दुसऱ्यानेही म्हटलं, की त्या विषयावर पुढे बोलायचं उरत नाही. देवाच्या हाती सोपवलेल्या गोष्टीवर आणखी काय बोलणार? व्यवहारात याचा अर्थ असा, की तुमचं काम अजून ठरलं नसेल तर दोन्ही बाजूंनी इन्शाल्ला होण्याआधी वेळ विचारून घ्या. नंतर विचारलं तर मिटलेला विषय उकरल्यासारखं होतं.

फक्त मुस्लिमच म्हणतात का?

अरबी बोलणारे ख्रिस्तीही म्हणतात, कारण ‘अल्लाह’ हा अरबीत देवासाठीचा शब्द आहे आणि अरबी बायबलातही तोच आहे. बायबलातल्या याकोबाच्या पत्रातही (४:१३-१५) हाच उपदेश आहे: उद्या अमुक नगरात जाऊन व्यापार करू असं म्हणू नका, प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू असं म्हणा. तुर्की, फारसी, उर्दूत हा शब्द जसाच्या तसा गेला. स्पेनमध्ये अरबांच्या काळात रुजलेल्या याच जातीच्या शब्दांतून स्पॅनिशचा ‘ओहाला’ आणि पोर्तुगीजचा ‘ओशाला’ आला, दोन्हींचा अर्थ ‘तसं होवो’. बोलणाऱ्याला त्यातला अल्लाह आता जाणवतही नाही.

मराठीत याला काय म्हणावं?

रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम घरांत ‘इन्शाल्ला’च म्हणतात. त्या घरांतली बरीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात ये-जा करतात. बाकीच्यांकडे ‘देवाच्या मनात असेल तर’ आहे, पण ते आपण लग्न, मूलबाळ, आजारपण अशा मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवतो. एसी दुरुस्तीला कोणी देवाचं मन काढत नाही. तिथे आपण ‘बघतो’ म्हणतो. ‘बघतो’चा अर्थ कधी ‘करतो’ आणि कधी ‘विसरा आता’, आणि मराठी माणसाला सुरावरून तो नेमका कळतो. नव्या मुलांना मी हेच सांगायचो: ‘बघतो’ ऐकताना जो कान लावतोस तोच इथे लाव.

मी स्वतः म्हणावं का? काही चुका होतात का?

जरूर म्हणा, पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना न म्हणणंच तिथे विचित्र वाटतं. काही गोष्टी सांभाळा. झालेल्या कामाला ते लावू नका. “काल पैसे भरले, इन्शाल्ला” म्हटलंत तर भरले की नाही याचीच शंका येईल. झालेल्याला ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतात. बाळाला पाहून, नवं घर पाहून म्हणायचं ते ‘माशाल्ला’: क्रियापद तेच ‘शाअ’, पण अर्थ ‘अल्लाहने जे इच्छिलं ते’, म्हणजे घडून गेलेलं. आणि कोणी प्रार्थना करत असेल तर “देवा, तुला वाटलं तर क्षमा कर” असं म्हणू नये, ठामपणे मागावं, अशी हदीस आहे.

शेवटचं, येणार नसाल तर इन्शाल्लाच्या आड लपू नका. “माअलेश, मा अक़दर” म्हणा, म्हणजे माफ करा, मला जमणार नाही. ऐकणारा क्षणभर नाराज होईल, मग जेवायला कधी येणार ते विचारेल. तेव्हा खरोखर यायचं असेल तर दिवस सांगा आणि मग म्हणा, इन्शाल्ला.